U(n) हा गट का होतो, आणि तो चक्रीय केव्हा असतो

प्रश्न: n ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांपैकी ज्यांना गुणाकार-व्यस्त आहे, त्यांचा गट U(n) होतो असे पुस्तकात एका ओळीत दिले आहे. हा गट n = 1, 2, 4, p^k आणि 2p^k (p विषम मूळ संख्या) एवढ्यांसाठीच चक्रीय असतो असेही लिहिले आहे. ही यादी येते कुठून? 7 आणि 9 साठी गट चक्रीय आहे, पण 8 साठी नाही, हे कसे?

उत्तर: x^2 ≡ 1 या समीकरणाला मॉड्युलो n किती उकली आहेत, एवढे पाहिले की यादीचा अर्धा भाग हाती येतो. चक्रीय गटात अशा उकली दोनपेक्षा जास्त असूच शकत नाहीत, आणि यादीबाहेरच्या प्रत्येक n साठी त्या किमान चार निघतात. उरलेला अर्धा भाग, म्हणजे यादीतल्या संख्यांसाठी जनक खरोखरच असतो हे दाखवणे, जास्त श्रमाचा आहे. विषम मूळ संख्या आणि 2 यांची वाट नेमकी कुठे वेगळी होते, हेही त्याच भागात दिसते.

आधी गटाचे पाहू. बाक्यांचा गुणाकार साहचर्य नियम पाळतो आणि 1 हा त्याचा अविकारक आहे, या दोन्ही गोष्टी पूर्णांकांच्या गुणाकारातून जशाच्या तशा येतात. a ला व्यस्त आहे याचा अर्थ ab ≡ 1 (mod n) होईल अशी एखादी बाकी b आहे. c चा व्यस्त d असेल, तर (ac)(bd) ≡ 1 म्हणून ac लाही व्यस्त आहे. शिवाय b चा व्यस्त a हाच असल्यामुळे b सुद्धा याच संचात बसतो. गट सिद्ध झाला, आणि त्यासाठी मसाविचा उल्लेखही करावा लागला नाही. बरेच विद्यार्थी U(n) ची व्याख्या ‘n शी सहमूळ असलेल्या बाक्या’ अशी करून सुरुवात करतात, बंदिस्तपणा चटकन दाखवतात आणि मग व्यस्ताशी येऊन अडतात. ‘व्यस्त असलेल्या बाक्या’ अशी व्याख्या केली तर गट होणे जवळजवळ फुकट मिळते, आणि सिद्ध करण्याजोगी खरी गोष्ट वेगळी उरते, ती अशी की व्यस्त असलेल्या बाक्या म्हणजेच n शी सहमूळ असलेल्या बाक्या.

ही गोष्ट युक्लिडच्या रीतीतून येते. 40 आणि 17 घेऊ. 40 = 2·17 + 6, मग 17 = 2·6 + 5, मग 6 = 5 + 1. आता खालून वर जायचे: 1 = 6 − 5 = 6 − (17 − 2·6) = 3·6 − 17 = 3·(40 − 2·17) − 17 = 3·40 − 7·17. शेवटची समानता मॉड्युलो 40 वाचली की 17·(−7) ≡ 1 मिळते, म्हणजे 17 चा व्यस्त −7, अर्थात 33 आहे; पडताळा म्हणून 17·33 = 561 = 14·40 + 1. मसावि 1 असेल तेव्हा ही रीत प्रत्येक वेळी 1 पाशी पोहोचते, म्हणून सहमूळ असलेल्या प्रत्येक बाकीला व्यस्त असतो. मसावि 1 पेक्षा मोठा असेल तर व्यस्त असणे शक्य नाही. उदाहरणार्थ 6·20 = 120 ≡ 0 (mod 40); आता 6 ला व्यस्त असता तर दोन्ही बाजूंना त्याने गुणून 20 ≡ 0 मिळाले असते, आणि ते खोटे आहे.

म्हणून U(n) मध्ये φ(n) घटक आहेत. n > 2 असेल तर ही संख्या सम असते, कारण a आणि −a यांच्या जोड्या लागतात आणि a ≡ −a होण्यासाठी n ने 2 ला भागावे लागेल. हे सम असणे आपल्याला लगेच लागणार आहे.

U(n) चक्रीय आहे असे धरा, g हा त्याचा जनक आणि N = φ(n) ही घटकांची सम संख्या. प्रत्येक घटक g^j असा लिहिता येतो, आणि (g^j)^2 = 1 होण्यासाठी N ने 2j ला भाग जायला हवा. 0 ते N − 1 या घातांकांत असे दोनच सापडतात, 0 आणि N/2. म्हणजे 1 ची वर्गमुळे नेमकी दोन असायला हवीत, आणि 1 व −1 ही दोन तर आपल्या हातात आधीच आहेत. तिसरे सापडले की चक्रीयता संपली.

मॉड्युलो 8 मध्ये 1, 3, 5, 7 असे चारच घटक आहेत आणि त्यांचे वर्ग 1, 9, 25, 49, म्हणजे सगळेच 1. कोणत्याही घटकाचे घात करत गेलो तरी दोन पावलांत आपण 1 वर परततो. चार घटक त्यातून कधीच निघणार नाहीत. मॉड्युलो 15 मध्ये 4^2 = 16 ≡ 1 आणि 11^2 = 121 ≡ 1, म्हणून 1, 4, 11, 14 अशी चार वर्गमुळे झाली. यातला 4 अचानक आलेला नाही: तो 3 ने भागल्यावर 1 आहे आणि 5 ने भागल्यावर −1 आहे. हीच युक्ती सगळीकडे चालते. n = ab असे सहमूळ अवयव पाडता आले आणि दोन्ही अवयव 2 पेक्षा मोठे असले, तर चिनी शेष प्रमेयानुसार x ≡ 1 (mod a) आणि x ≡ −1 (mod b) असा x मिळतो. त्याचा वर्ग दोन्हीकडे 1 आहे, म्हणून मॉड्युलो n ही 1 आहे. पण x स्वतः 1 ही नाही आणि −1 ही नाही, कारण a आणि b पैकी कोणत्याही एकाला 1 आणि −1 यांतील फरक दिसतो. ‘2 पेक्षा मोठे’ ही अट इथेच कामाला येते, कारण मॉड्युलो 2 मध्ये 1 आणि −1 एकच आहेत.

एवढ्याने बहुतेक सगळ्या n बाद झाल्या. दोन वेगळ्या विषम मूळ अवयव असलेल्या संख्या गेल्या, आणि 4 व एक विषम मूळ संख्या असे दोन्ही अवयव असलेल्या, म्हणजे 12, 20, 28 यांसारख्याही गेल्या. उरल्या त्या p^k, 2p^k आणि 2 चे घात. त्यांपैकी 2^k, k ≥ 3, यांना बाद करण्यासाठी x = 2^(k−1) + 1 घ्या: वर्ग 2^(2k−2) + 2^k + 1 येतो, 2k − 2 हे k पेक्षा लहान नसल्यामुळे पहिली दोन पदे मॉड्युलो 2^k नाहीशी होतात, आणि x हा 1 किंवा −1 यांपैकी काहीच नसतो. 16 साठी तो 9 आहे, 32 साठी 17.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण या टप्प्यावर अनेक उत्तरे घाईने संपवलेली दिसतात. 1 ची वर्गमुळे दोनच असणे हे चक्रीयतेसाठी आवश्यक आहे, पण केवळ त्यावरून कोणताही गट चक्रीय ठरत नाही. 3 घटकांच्या चक्रीय गटाचा स्वतःशीच गुणाकार केला तर 9 घटकांचा गट मिळतो. त्यात 1 चे वर्गमूळ एकच आहे, पण प्रत्येक घटकाचा घन 1 असल्यामुळे तो चक्रीय नाही. तेव्हा उरलेल्या n साठी जनक आहे हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

प्रथम n = p ही मूळ संख्या घेऊ. मूळ संख्येचे वैशिष्ट्य असे की दोन बाक्यांचा गुणाकार शून्य झाला तर त्यांपैकी एक तरी शून्य असतेच. यावरून, बहुपदीचे एकेक मूळ अवयव म्हणून बाहेर काढत गेल्यास, d कोटीच्या बहुपदीला मॉड्युलो p जास्तीत जास्त d मुळे असतात असे मिळते. विशेषतः x^d ≡ 1 ला d पेक्षा जास्त उकली नाहीत. मॉड्युलो 8 ला हेच साधत नाही; तिथे दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला चार उकली मिळाल्या, कारण x = 3 साठी (x − 1)(x + 1) = 2·4 शून्य होते, पण दोन्हींपैकी एकही अवयव शून्य नाही.

आता घटकाचा क्रम म्हणजे a^d ≡ 1 होणारा सर्वांत लहान धन घातांक d. तो नेहमी p − 1 चा विभाजक असतो. असा एक d निश्चित करा आणि त्या क्रमाचा एखादा घटक a आहे असे समजा. मग 1, a, a^2, …, a^(d−1) हे d वेगवेगळे घटक x^d ≡ 1 च्या उकली आहेत, आणि त्याहून जास्त उकली असू शकत नाहीत, म्हणून d क्रमाचे सगळे घटक या यादीतच सापडले पाहिजेत. यादीतल्या a^j चा क्रम d असतो तो फक्त j आणि d सहमूळ असताना, म्हणजे असे घटक φ(d) होतात. निष्कर्ष असा की d क्रमाचे घटक एकतर φ(d) आहेत किंवा एकही नाही. मधली कोणतीही संख्या शक्य नाही.

हे 13 वर समोर मांडून पाहू. 12 चे विभाजक 1, 2, 3, 4, 6, 12 आहेत आणि त्यांचे φ अनुक्रमे 1, 1, 2, 2, 2, 4. बेरीज बरोबर 12. हा योगायोग नव्हे: 1/12, 2/12, …, 12/12 हे बारा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहा, आणि छेद d असलेले अपूर्णांक φ(d) आहेत हे दिसेल. आता U(13) चे बारा घटक या सहा क्रमांत वाटले जायचे आहेत. प्रत्येक क्रमाच्या वाट्याला φ(d) किंवा शून्य घटक येतात, आणि सगळ्यांना पूर्ण φ(d) मिळाले तरच बेरीज 12 होते; एका जरी क्रमाचा वाटा शून्य झाला तर घटक कमी पडतील. म्हणून कोणताही वाटा शून्य नाही, आणि क्रम 12 चेही चार घटक आहेतच. प्रत्यक्षात क्रम 1 चा 1. क्रम 2 चा 12. क्रम 3 चे 3 आणि 9. क्रम 4 चे 5 आणि 8. क्रम 6 चे 4 आणि 10. आणि क्रम 12 चे 2, 6, 7, 11. हे शेवटचे चार जनक आहेत, त्यांनाच 13 ची आदिम मुळे म्हणतात. हाच युक्तिवाद कोणत्याही p ला लागू होतो. जनक कोणता हे न सांगता तो आहे एवढे मोजणीने पटवून देणारी ही सिद्धता मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. विषम p च्या घातांसह संपूर्ण यादी गाउस यांनी १८०१ साली सिद्ध करून प्रसिद्ध केली.

पुढचा टप्पा p^k, p विषम. इथे बहुपदीच्या मुळांचा युक्तिवाद चालत नाही, कारण मॉड्युलो p^2 मध्ये p·p ≡ 0 आहे. त्याऐवजी p च्या जनकालाच वर उचलायचे. p साठी जनक g घ्या आणि g^(p−1) = 1 + pt असे लिहा. सगळे काही t ला p ने भाग जातो की नाही यावर ठरते. भाग जात नसेल, तर हाच g प्रत्येक p^k साठी जनक आहे. कारण द्विपद विस्तारात

(1 + pt)^p = 1 + p·pt + [p(p−1)/2]·p^2·t^2 + …

यातील दुसरे पद p^2·t आहे. तिसऱ्या पदाच्या गुणकात p विषम असल्यामुळे आणखी एक p दडलेला आहे, म्हणून त्या पदाला p^3 ने भाग जातो. पुढच्या पदांत p चा घात निदान 3 आहेच. म्हणजे मॉड्युलो p^3 हा विस्तार 1 + p^2·t इतकाच उरतो. 1 पासूनचे ‘अंतर’ p ने भाग जाणारे होते, ते एकदा p वा घात घेतल्यावर p^2 ने भाग जाणारे झाले, पण p^3 ने भाग जाणारे झाले नाही. याच हिशेबाने दर वेळी p वा घात घेतला की p चा घातांक बरोबर एकाने वाढतो. g चा मॉड्युलो p^k क्रम p − 1 च्या पटीत असतो (मॉड्युलो p तो तेवढा आहे म्हणून) आणि p^(k−1)·(p−1) चा विभाजक असतो. म्हणून तो (p−1)·p^j या रूपाचा. घातांक एकेकानेच वाढत असल्यामुळे 1 पर्यंत पोहोचायला j = k − 1 लागतोच. क्रम पूर्ण निघाला.

7 वर पाहू. 3 हा मॉड्युलो 7 जनक आहे: त्याचे घात 3, 2, 6, 4, 5, 1. आता 3^6 = 729 = 14·49 + 43, म्हणजे मॉड्युलो 49 तो 43 आहे, 1 नाही. तेव्हा 3 हा 49, 343 आणि 7 च्या पुढच्या प्रत्येक घातासाठी जनक आहे. पण 31 घेऊन बघा. तोही 7 ने भागल्यावर 3 च आहे, मॉड्युलो 7 दोघांत काही फरक नाही. मात्र 31^2 = 961 ≡ 30 आणि 31^3 ≡ 30·31 = 930 ≡ 48 ≡ −1 (mod 49), म्हणून 31^6 ≡ 1. U(49) मध्ये 42 घटक आहेत आणि 31 चा क्रम केवळ 6. म्हणजे t ला p ने भाग जाण्याची अडचण खरोखर उद्भवते.

उपाय सोपा आहे: g ऐवजी g + p घ्या. (g + p)^(p−1) च्या विस्तारात मॉड्युलो p^2 पहिली दोनच पदे उरतात, g^(p−1) + (p−1)·g^(p−2)·p, आणि g^(p−1) ≡ 1 असल्यामुळे उत्तर 1 − p·g^(p−2) येते, जे 1 नाही. वरील उदाहरणात 31 + 7 = 38; 38 ≡ −11, (−11)^2 = 121 ≡ 23, (−11)^3 ≡ −253 ≡ −8, आणि म्हणून 38^6 ≡ 64 ≡ 15. 38 जनक ठरला. अशा रीतीने प्रत्येक विषम p साठी, g किंवा g + p यांपैकी एक तरी सर्व p^k साठी चालतो.

2p^k चे काम दोन ओळींचे आहे. U(2) मध्ये एकच घटक असल्यामुळे चिनी शेष प्रमेयाने U(2p^k) आणि U(p^k) हे एकाच साच्याचे गट आहेत. p^k चा जनक विषम असेल तर तोच चालतो, सम असेल तर त्यात p^k मिळवायचा. 9 चा जनक 2 आहे, म्हणून 18 चा जनक 11.

आता 2 बाबत काय बिघडते ते वरच्या विस्तारातच पाहता येते. p = 2 साठी p(p−1)/2 = 1, त्यात जादा 2 दडलेला नाही, म्हणून तिसरे पद मागे हटत नाही: (1 + 2t)^2 = 1 + 4t + 4t^2 = 1 + 4t(t + 1). t आणि t + 1 यांपैकी एक सम असतोच, म्हणून प्रत्येक विषम संख्येचा वर्ग मॉड्युलो 8 मध्ये 1 येतो. घातांक 1 वरून 2 वर जाण्याऐवजी एकदम 3 वर किंवा त्यापुढे उडी मारतो, आणि ती एक पायरी कायमची हुकते. सुरुवातच 1 + 4t पासून केली, t विषम ठेवून, तर वर्ग 1 + 8t + 16t^2 येतो आणि घातांक पुन्हा एकेकाने वाढू लागतो. म्हणून 5 चा मॉड्युलो 2^k क्रम 2^(k−2), म्हणजे गटाच्या बरोबर निम्मा. मॉड्युलो 16 मध्ये 5 चे घात 5, 9, 13, 1 आहेत, आणि उरलेले चार घटक 11, 7, 3, 15 हे त्यांचेच ऋण आहेत. U(2^k) ला k ≥ 3 साठी नेहमी 5 आणि −1 असे दोन जनक लागतात; एकाने भागत नाही. 4 वाचतो, कारण U(4) मध्ये 1 आणि 3 एवढेच घटक आहेत आणि हुकायला पायरीच नाही.

प्रत्यक्ष जनक तपासताना g^φ(n) ≡ 1 आले म्हणून समाधान मानू नका. ते U(n) च्या प्रत्येक घटकासाठी येते आणि त्यातून काहीच कळत नाही. φ(n) च्या प्रत्येक मूळ विभाजक q साठी g^(φ(n)/q) काढा आणि त्यांपैकी एकही 1 नाही हे पाहा. 13 साठी q = 2 आणि 3: 2^6 = 64 ≡ −1, 2^4 = 16 ≡ 3, दोन्ही 1 नाहीत, म्हणून 2 जनक आहे. यासाठी φ(n) चे अवयव माहीत असावे लागतात, आणि मोठ्या p बाबत p − 1 चे अवयव पाडणे हेच मुख्य काम होऊन बसते. p वरून सरळ जनक सांगणारे सूत्र नाही. 2, 3, 5 असे क्रमाने तपासत जावे लागते, आणि बहुधा लवकरच एखादा सापडतो.

मॉड्युलो p चा सर्वांत लहान जनक p^2 लाही चालेल असे मात्र न तपासता गृहीत धरू नये. लहान विषम p घेऊन कितीही उदाहरणे केली तरी तो चालतच राहतो, आणि म्हणूनच हा भ्रम पक्का होतो. तो प्रथम फसतो p = 40487 पाशी: तिथे सर्वांत लहान जनक 5 आहे आणि 5^40486 ≡ 1 (mod 40487^2). सर्वांत लहान जनकाचा आग्रह सोडला तर अशी संख्या फार अलीकडेच भेटते. 487 साठी 10 हा जनक आहे, पण 487^2 साठी नाही, आणि त्याचा परिणाम दशांश अपूर्णांकात उघड दिसतो: 1/487 चे आवर्तन 486 अंकांचे आहे, आणि 1/487^2 चे आवर्तन 487 पट लांब व्हायला हवे होते, तेही 486 अंकांचेच आहे.